ट्रेडमिलच्या टप्प्यांच्या चाचणीत काय धरायचं: एकूण अंतर की शेवटचा वेग?

प्रश्न: सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २१, पोलीस भरतीची तयारी करतो. तालुक्याच्या जिममध्ये ट्रेडमिलवर ८ च्या स्पीडपासून दर मिनिटाला अर्धा-अर्धा वाढवत गेलो. १६ वर ४० सेकंद झाले आणि पाय थांबले. मशीनवर अंतर ३.२९ किलोमीटर आलं. मित्रानंही ८ पासूनच अर्धा-अर्धा वाढवला, पण दर दोन मिनिटांनी. त्यानं १४ चा टप्पा पूर्ण केला आणि तिथंच थांबला. त्याचं अंतर ४.७५ आलं. जिमवाले म्हणतात, त्याचा दम तुझ्यापेक्षा जास्त. पण ग्राउंडवर माझं सोळाशे ६ मिनिटं १२ सेकंदांत होतं आणि त्याचं साडेसहा मिनिटांत. मग खरं काय धरायचं?

उत्तर: ग्राउंड खरं धर. जिमवाल्यांनी दोन वेगवेगळ्या चाचण्यांची अंतरं शेजारी-शेजारी ठेवली, तिथेच गफलत झाली. तू आकडे नीट दिलेस हे फार बरं केलंस, कारण तेवढ्यावरून बरंच काही उलगडतं. तुझ्या मशीनबद्दलसुद्धा.

आधी अंतर कागदावर काढू. एका मिनिटाचा टप्पा असेल तर त्या टप्प्यातलं अंतर म्हणजे वेग भागिले ६०. ताशी ८ किलोमीटरच्या मिनिटात १३३ मीटर होतात, ताशी १६ च्या मिनिटात २६७. टप्पे सारख्या फरकानं चढतात, म्हणून प्रत्येक टप्पा वेगळा मोजायची गरज नाही. पहिला वेग आणि शेवटचा पूर्ण झालेला वेग यांची सरासरी घ्यायची आणि तिला पूर्ण टप्प्यांच्या एकूण वेळेनं गुणायचं. तुझे ८ पासून १५.५ पर्यंत १६ टप्पे पूर्ण झाले. सरासरी ११.७५, वेळ १६ मिनिटं, म्हणजे ३१३३ मीटर. वर १६ च्या वेगानं ४० सेकंद, त्याचे १७८ मीटर. एकूण ३३११ मीटर. मशीन ३.२९ दाखवतं, म्हणजे २० मीटर कमी.

हे २० मीटर कुठे गेले, ते बघण्यासारखं आहे. बटण दाबल्यावर पट्टा एकदम ८ वर जात नाही, हळूहळू चढतो. शून्यापासून ८ पर्यंत यायला १८ सेकंद लागले असतील, तर तेवढ्या वेळात ४० ऐवजी २० च मीटर होतात. तुझं घड्याळ बटण दाबल्याबरोबर सुरू झालं असणार. मित्राचंही तसंच दिसतं. त्याचे ८ पासून १४ पर्यंत १३ टप्पे, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे २६ मिनिटं. सरासरी ११, अंतर ४७६७ मीटर. मशीनवर ४.७५, पुन्हा तेवढाच फरक. म्हणजे तुम्ही दोघांनी टप्पे बरोबर पाळले. मध्ये कुणी बाजूच्या पायऱ्यांवर उभं राहून श्वास घेतला का, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. तसं केलं तरी पट्टा रिकामा फिरत राहतो आणि मशीन ते अंतरही तुमच्याच नावावर टाकतं. पुढच्या वेळी एवढंच कर: पट्टा पहिल्या वेगाला पोचला की मग घड्याळ सुरू कर.

आता मूळ मुद्दा. मित्राचं अंतर जास्त आलं, कारण तो तुझ्यापेक्षा सव्वानऊ-साडेनऊ मिनिटं जास्त धावला. प्रत्येक वेगावर त्यानं दुप्पट वेळ काढला. या चाचणीत अंतर तीन गोष्टींवर ठरतं: सुरुवात कितीनं केली, टप्पा किती मिनिटांचा होता आणि थांबलास कुठे. यांतली फक्त तिसरी गोष्ट तुझ्या शरीराची आहे. पहिल्या दोन तुम्ही बटणावर ठरवल्या.

समज, तू उद्या हीच चाचणी ८ ऐवजी १० पासून सुरू केलीस आणि पुन्हा १६ वर ४० सेकंद काढून थांबलास. मधले ८, ८.५, ९ आणि ९.५ हे चार टप्पे गेले, त्यांचे मिळून ५८३ मीटर. तुझं अंतर ३३११ वरून २७२८ वर येईल. माणूस तोच, दम तोच, अंतर मात्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त घटलं. म्हणून नुसतं अंतर सांगून कुणी दम सांगत असेल, तर त्याला आधी विचारायचं की सुरुवात कितीनं आणि टप्पा केवढा.

दमाचं माप म्हणून धरायचा तो शेवटचा वेग. तोही अपुऱ्या टप्प्याचा हिस्सा जोडून. शेवटचा पूर्ण टप्पा १५.५, पुढच्या टप्प्यातल्या ६० पैकी ४० सेकंद झाले, म्हणून अर्ध्या किलोमीटरचा दोन-तृतीयांश, म्हणजे ०.३३ जोडायचे. तुझा शेवटचा वेग १५.८३. ही पद्धत प्रयोगशाळेतही वापरतात. फक्त पूर्ण टप्पा धरला, तर १६ वर ५ सेकंद टिकलेला आणि ५५ सेकंद टिकलेला, दोघंही १५.५ वरच मोजले जातात, आणि तो अन्याय आहे.

मग अंतराचा उपयोगच नाही का? आहे, पण सुरुवात आणि टप्पा कायम ठेवलास तरच. तेव्हा अंतर आणि शेवटचा वेग एकाच गोष्टीची दोन रूपं होतात आणि एकावरून दुसरं काढता येतं. १० पासून, मिनिटाचे टप्पे, असं ठरवलं तर १५.५ पूर्ण झाल्यावर २५५० मीटर होतात, १६ पूर्ण झाल्यावर २८१७, १६.५ ला ३०९२, १७ ला ३३७५. समज, दोन महिन्यांनी कुणी तुझं सेकंदाचं घड्याळ बघायचं विसरलं, पण मशीनवर २.९० दिसतंय. २९०० मधून २८१७ गेले, राहिले ८३ मीटर. ते १६.५ च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला ४.५८ मीटरनं झाले, म्हणजे १८ सेकंद. शेवटचा वेग १६ अधिक ०.१५, म्हणजे १६.१५. हिशेब बसला.

इथेच आणखी एक सापळा आहे आणि त्यात बरेच प्रशिक्षकही अडकतात. २७२८ वरून २९०० म्हणजे अंतर सहा टक्क्यांहून जास्त वाढलं. ऐकायला छान वाटतं. पण शेवटचा वेग १५.८३ वरून १६.१५ झाला, म्हणजे फक्त दोन टक्के. सोळाशेत फायदा या दोन टक्क्यांचा होतो, सहाचा होत नाही. कारण सोपं आहे. वाढलेलं अंतर सगळं शेवटच्या, सगळ्यांत वेगवान टप्प्यांतून येतं, आणि शिवाय थोडा जास्त वेग म्हणजे थोडा जास्त वेळ, असं ते दोन्हीकडून फुगतं. म्हणून वहीत अंतर लिही, पण सुधारणा मोजताना वेगच बघ.

मित्राचा १४ आणि तुझा १५.८३ हे दोन आकडेसुद्धा मला सरळ शेजारी ठेवायचे नाहीत. वेग वाढला की शरीराला नव्या वेगाइतका ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोचवायला दोन-तीन मिनिटं लागतात. मिनिटाच्या टप्प्यात ती बरोबरी होण्याआधीच पुढचा टप्पा लागतो. मधली तूट पाय ऑक्सिजनशिवायच्या इंधनावर भरून काढतात, म्हणून शेवटचा वेग थोडा चढा येतो. दोन मिनिटांच्या टप्प्यात ती सवलत कमी मिळते. वर २६ मिनिटं बंद हॉलमध्ये धावल्यावर अंग तापतं, घाम जातो, त्याच वेगावर नाडी वर-वर सरकत राहते. माणूस दम संपायच्या आधी उष्णतेनं आणि कंटाळ्यानं थांबतो. तुझ्या मित्राच्या बाबतीत हे आकड्यांतच दिसतं. सोळाशे साडेसहा मिनिटांत म्हणजे ताशी पावणेपंधरा किलोमीटर झाले. तेवढा वेग तो साडेसहा मिनिटं टिकवतो, आणि मशीनवर मात्र १४ लाच थांबला. त्याची चाचणी लांबल्यामुळे त्याचा खरा वेग खाली दिसला आणि अंतर मात्र फुगून आलं.

चाचणी अशी बांधायची की खरी धाव साधारण ८ ते १२ मिनिटांत संपावी, फार तर १५. तुझी पावणेसतरा मिनिटं चालली, थोडी लांबच. तू आणि तुझा मित्र, दोघांनीही १० पासून सुरुवात करा, टप्पा एक मिनिटाचा ठेवा. त्याआधी १० मिनिटं ७-८ च्या वेगानं अंग गरम करा, मग दोन-तीन मिनिटं चाला, मशीनवरचं अंतर शून्यावर आणा आणि मग सुरू करा. गरम करतानाचे मीटर चाचणीत मिसळले की पुढचा सगळा हिशेब नासतो. ८०० ची तयारी करणाऱ्या मुलींनी किंवा नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी ८ पासून केलं तरी चालेल. मात्र एकदा जे धरलं ते वर्षभर तसंच ठेवायचं.

आता सोळाशेशी नातं. अशा चाचणीतला शेवटचा वेग तालीम असलेला तरुण साधारण सहा मिनिटांच्या आसपास टिकवू शकतो, कुणी चार, कुणी आठ. तुमची सोळाशेची धाव नेमकी तेवढ्याच वेळाची आहे. म्हणून तुमच्यासाठी ही चाचणी कामाची आहे. १५.८३ च्या वेगानं १६०० मीटरला ३६४ सेकंद लागतात, म्हणजे ६ मिनिटं ४ सेकंद. तुझे ग्राउंडवर ६:१२ होतात. एक पूर्ण टप्पा वाढवून १६.३३ वर गेलास तर ५:५३. म्हणजे तुझ्या पातळीवर एक टप्पा म्हणजे सोळाशेत ११ सेकंद. साडेपाच मिनिटांत यायचं असेल तर ताशी साधारण साडेसतरा लागतात, म्हणजे तुला तीनाहून जास्त टप्पे चढायचे आहेत. ते दोन महिन्यांत होत नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेव. काही मुलांची शेवटची फेरी जबरदस्त असते आणि ती या हिशेबापेक्षा ८-१० सेकंद लवकर येतात. काही उलट, पहिल्याच फेरीत जीव काढतात आणि उशिरा येतात. हा अंदाज आहे, वेळ शेवटी ग्राउंडवरच लागते.

तरीही ६:०४ आणि ६:१२ मधले ८ सेकंद मला खटकतात. मातीचा ट्रॅक, वळणं, वारा यांत ते जाऊ शकतात. मशीनवर समोरून वारा लागत नाही, म्हणून तिथे धावणं थोडं हलकं पडतं. त्यासाठी चढ एक टक्का ठेवायचा रिवाज आहे आणि तो अभ्यासातून आलेला आहे. तुझ्या मशीनला चढाचं बटण असेल तर एक टक्का ठेव, नसेल तर सपाटच राहू दे, पण वहीत लिही. पण मला जास्त संशय मशीनच्या आकड्याचाच आहे. आपल्याकडच्या तालुक्यांच्या जिममधली मशीनं मी बऱ्याचदा तपासतो आणि स्क्रीनवरचा वेग आणि पट्ट्याचा खरा वेग क्वचितच तंतोतंत जुळतो.

बहुतेक मशीनं वेग मोजतात तो मोटरच्या किंवा पुढच्या रोलरच्या फेऱ्यांवरून. पट्टा स्वतः किती सरकला हे त्यांना कळत नाही. पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलाला तो रोलरवर किंचित घसरतो. रोलर फिरतो, आकडा वाढतो, पट्टा मागे राहतो. खालच्या फळीवरचं सिलिकॉन तेल सुकलं आणि त्यात आपल्याकडची धूळ बसली की घर्षण वाढतं आणि मोटर दमते. त्यात व्होल्टेजची कथा वेगळीच. गावठाणाची आणि शेतीपंपांची लाइन एकाच डीपीवर असेल, तर पंप सुरू झाले की जिममधल्या ट्यूबलाइटी फडफडतात आणि पट्टा १४ च्या वर ओढायला कुरकुरतो. पाय टेकताक्षणी पट्टा अडखळल्यासारखा वाटला, पावलागणिक हलका झटका जाणवला, तर समज की स्क्रीनवरचा वेग तुला मिळत नाहीये. अशा वेळी चाचणी करू नकोस.

तपासायला महाग काही लागत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून पट्ट्यावर खडूनं आडवी रेघ ओढ. शिंप्याच्या टेपनं पट्ट्याची पूर्ण लांबी मोज. पट्टा हातानं सरकवत दोन-तीन तुकड्यांत मोजावी लागेल, म्हणून दोनदा मोज आणि दोन्ही माप जुळले तरच धर. समज, लांबी २.८० मीटर भरली. मग मशीन १२ वर लावून, तुझ्याच वजनाचा कुणीतरी त्यावर धावत असताना, रेघ ५० वेळा येईपर्यंतचा वेळ घे. डोळ्यानं मोजताना चूक होते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि मग सावकाश मोज. ५० फेऱ्या म्हणजे १४० मीटर. १२ चा वेग खरा असेल तर ४२ सेकंद लागायला हवेत. ४३.२ सेकंद लागले, तर खरा वेग निघतो ताशी ११.६७, म्हणजे स्क्रीनपेक्षा जवळजवळ तीन टक्के कमी. रिकाम्या पट्ट्यावर हीच मोजणी केली तर बहुतेक वेळा बरोबर येते आणि मालक म्हणतो, "बघा, मशीन एकदम ओके हाय." म्हणून वर माणूस धावत असतानाच मोजायचं.

तुझं मशीन तीन टक्क्यांनी मागे असेल असं धरून बघू. १५.८३ गुणिले ०.९७२ म्हणजे १५.३९. त्या वेगानं सोळाशेला ६ मिनिटं १४ सेकंद लागतात. तुझ्या ६:१२ ला हे किती जवळ आलं बघ. ही खात्री नाही, संशय आहे. तो खरा की खोटा हे रेघ आणि टेपच सांगेल. मशीनवरचं अंतरही त्याच वेगातून काढलेलं असतं, म्हणून ते तपासणीला कामाचं नाही. वेग चुकला की अंतर त्याच प्रमाणात चुकतं आणि दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देत बसतात. १२ बरोबरच १५ वरही मोज, कारण वेग वाढला की फरक बहुधा वाढतो. फरक दोन्हीकडे सारखा निघाला तर सगळ्या आकड्यांना तोच गुणक लाव. वेगळा निघाला तर शेवटच्या टप्प्यांजवळचा गुणक धर, कारण निकाल तिथे लागतो.

मशीनवर भरवसा बसत नसेल तर हीच चाचणी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर लावता येते. चुन्यानं २०० मीटरची गोल फेरी आखायची आणि दर २० मीटरला एक खूण लावायची, विटा चालतील. ७२ ला वेगानं भागलं की दोन खुणांमधले सेकंद मिळतात. १० च्या वेगाला ७.२ सेकंद, १२ ला ६, १६ ला ४.५. त्या हिशेबानं शिट्ट्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घ्यायच्या, दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढवत. शिट्टीला खुणेवर असायचं. लागोपाठ दोन खुणांना दोन-तीन मीटर मागे पडलास की चाचणी संपली. फ्रान्समध्ये फुटबॉलवाले आणि शाळेतली मुलं अशीच चाचणी वर्षानुवर्षं देत आली आहेत, तिला व्हामेव्हाल म्हणतात. भरतीच्या मुलांना जी २० मीटरची बीप टेस्ट माहीत असते, तीही दर मिनिटाला अर्ध्यानंच चढते. पण तिच्यात प्रत्येक २० मीटरला थांबून वळायचं असल्यामुळे शेवटचा वेग बराच कमी येतो. तो आकडा या चाचणीशी जोडू नकोस.

चाचणी देताना दांड्याला हात लावायचा नाही, अगदी बोटंसुद्धा नाही. हात टेकवले की शरीराचं थोडं वजन दांड्यावर जातं आणि दोन टप्पे फुकट मिळतात. बटण दाबायला आणि सेकंद लिहायला दुसरा माणूस हवा. अर्धा किलोमीटर वाढवायला बहुतेक मशीनवर पाच वेळा बटण दाबावं लागतं, ते धावणाऱ्यानं १५ च्या वेगावर करणं धोक्याचं आहे. सुरक्षेची क्लिप बनियनला लाव. वीज गेली की पट्टा थांबतो, स्क्रीन विझते आणि अंतर पुसलं जातं. म्हणून प्रत्येक टप्पा कागदावर खूण करत नोंदवायचा. मध्येच लाइन गेली तर ती चाचणी रद्द. पाच मिनिटांनी लाइन आल्यावर तिथून पुढे सुरू करू नका, विश्रांती मिळालेली असते. दोन-तीन दिवसांनी नव्यानं द्या.

ऋतूचंही बघ. मार्च उलटला की आपल्याकडे टिनाच्या छपराखालचा हॉल सकाळी आठलाच भट्टीसारखा होतो. जानेवारीतली आणि मेमधली चाचणी शेजारी ठेवून दम घटला म्हणायचं नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला दे, पंखा समोरून लाव आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिही. आणि एका चाचणीवरून दुसऱ्या चाचणीत अर्ध्या टप्प्याहून कमी फरक आला, तर त्याला मी सुधारणा म्हणत नाही, घसरणही म्हणत नाही. झोप, आदल्या दिवशीचं कापूस वेचणं, सकाळचा नाश्ता, एवढ्यानंही तेवढं इकडेतिकडे होतं. दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे.

एक गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मी चाचणीआधी विचारतो, तुलाही विचारतो: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर पट्ट्यात, सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकाला रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही, म्हणून त्याला ते माहीतच नसतं. पण अशा जीव तोडून थांबायच्या चाचणीत, उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना वाहक कोसळल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत, त्यात तरुण सैनिक आणि खेळाडूही आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन प्राथमिक तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे पुढच्या तपासणीत ठरतं. वाहक निघालास तरी धावणं सोडायचं नाही. मात्र चाचणी थंड वेळेतच, भरपूर पाणी पिऊन, नीट सराव झाल्यावर आणि डॉक्टरांना सांगूनच द्यायची. आजार असेल तर ही चाचणी द्यायचीच नाही. धावताना मांड्या पेटक्यासारख्या घट्ट न होता एकदम गळून गेल्या, कंबरेत-पायांत वेगळंच दुखायला लागलं, तर तो टप्पा पूर्ण करायच्या भानगडीत पडू नकोस. तिथेच थांब, सावलीत झोप, पाणी पी आणि सोबतच्याला सरळ दवाखान्यात न्यायला सांग. छातीत दुखणं, डोळ्यापुढे अंधारी येणं, गेल्या आठवड्यातला ताप, यांनाही हाच नियम.

मित्राला सोबत घेऊन दोघांची चाचणी एकाच सकाळी, त्याच मशीनवर, १० पासून मिनिटाच्या टप्प्यानं दे. तो पंधराच्या आसपास थांबेल असं मला वाटतं. वहीत तारीख, सुरुवातीचा वेग, टप्प्याचा वेळ, चढ, शेवटचा पूर्ण टप्पा, वरचे सेकंद, कागदावरचं अंतर, मशीनवरचं अंतर आणि पट्ट्याचा गुणक, एवढं लिही. आकडे आले की दोघांचे कळव. त्यातून कुणी कशावर मेहनत घ्यायची ते बघू, कारण तुमच्या दोघांचं काम वेगळं असणार आहे.